तीस दिवस मोडी, सतरा ओळी

दिवस १

नमस्कार. हा कागद बघा. सासवडच्या आत्याने ट्रंक आवरताना काढला आणि "पुण्यात एवढे शिकलेले लोक आहेत, कोणाकडून तरी वाचून आण" म्हणून माझ्या हातात दिला. जुन्या मोडी लिपीतल्या सतरा ओळी आहेत. वरचा भाग फाटलेला, मधोमध घडीची रेघ, आणि खाली शाईचं एक चित्रविचित्र अक्षर. यातलं मला एकही अक्षर येत नाही. मी अकाउंट्सची नोकरी करते, कोथरूडला राहते, मराठी माध्यमात शिकले, आणि माझ्याच खापरपणजोबांच्या घरातलं मराठी मला वाचता येत नाही.

तर तीस दिवस, रोज रात्री दोन मिनिटांचा व्हिडिओ. जे जमेल ते आणि जे फसेल तेही यातच सांगायचं असं ठरवलंय. आज अप्पा बळवंत चौकातून मोडीची बाराखडी असलेलं एक पुस्तक, एक बोरू आणि शाईची बाटली आणली. बोरू हा काडीचा तुकडा तिरका तासून केलेला असतो. माझा पहिलाच टोक फुटून कागदभर शिंतोडे उडवून गेला. उद्यापासून जेल पेन.

दिवस ३

देवनागरीत, म्हणजे बाळबोधीत, आपण अक्षर काढतो आणि मग डोक्यावर रेघ ओढतो. मोडीत उलटं आहे. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रेघ मारायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायचं. हात उचलायचा नाही. काना वरून खाली येत नाही, खालून वर जाऊन रेघेला भिडतो आणि तिथूनच पुढचं अक्षर सुरू होतं. म्हणून तर ती लिपी भरभर लिहिता येते, आणि म्हणूनच ती वाचताना अक्षर कुठे संपलं ते कळत नाही.

अजून एक गंमत. ऱ्हस्व-दीर्घ नाही. वेलांटी दुसरीच आणि उकार पहिलाच. शाळेत शुद्धलेखनाचे गुण कापणाऱ्या माझ्या बाईंना हे कळलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

दिवस ८

आज मी खुशीत आहे. पुठ्ठ्याचे पत्ते कापले, एका बाजूला मोडी अक्षर, मागे बाळबोध. शंभरपैकी ब्याण्णव बरोबर आले. हे असंच राहिलं तर पंधराव्या दिवशी कागद वाचून संपेल आणि उरलेल्या पंधरा दिवसांत काय करायचं हा प्रश्न पडेल, असं मी बोलून गेले. हा व्हिडिओ मी काढून टाकणार नाही, पण काढून टाकावासा वाटतोय हे खरं.

दिवस ९

कागद उघडला. एक तास दहा मिनिटं बसले. सतरा ओळींपैकी सहा अक्षरं सुटली. शब्द नाही म्हणत मी, अक्षरं.

पत्त्यांवरची अक्षरं छापील होती, सुटी सुटी होती. कागदावर दोन शब्दांमध्ये जागाच नाही. विरामचिन्ह नाही. रेघेखाली काळी वेल पसरल्यासारखी ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते. पुस्तकातलं 'क' मला पाठ होतं, पण या कारकुनाचं 'क' घाईत काढलेलं आहे आणि तो काही माझ्या पुस्तकावरून शिकला नव्हता.

दिवस ११

काल व्हिडिओ नव्हता कारण दाखवण्यासारखं काही नव्हतं. आज शेजारच्या इमारतीतल्या काकूंकडे गेले. त्यांचं आयुष्य जुने कागद वाचण्यात गेलंय, आता निवृत्त आहेत. त्यांनी कागद हातातही घेतला नाही.

"किती वेळ लिहितेस रोज?"

"लिहीत नाही काकू, पत्ते ओळखते."

"मग कसं येईल? ज्या वळणाने हात गेला ते वळण तुझ्या हाताला माहीत नको का? लिही अगं. आणि तुझ्या खापरपणजोबांना काय लिहायचं असणार तेच लिही. सारखं अ, आ, इ काय लिहितेस."

मग त्यांनी मला अशा कागदांत नेहमी येणाऱ्या ओळी सांगितल्या. तारखेची ओळ: शके अमुक, अमुक नाम संवत्सरे, महिना, शुद्ध किंवा वद्य, तिथी. मग कोणी कोणाला लिहून दिलं ते. मग "कारणे कर्जरोखा लिहून दिल्हा ऐसा जे". 'दिला' नाही, 'दिल्हा'. मग रक्कम, व्याज, मुदत, साक्षी. कर्जाचा कागद असेल तर याच चालीने जाणार. त्या म्हणाल्या, "आधी काय लिहिलेलं असू शकतं हे माहीत असलं की डोळा ते शोधतो. पण मग डोळा नसलेलंही वाचतो, हे लक्षात ठेव." दुसरं वाक्य मी नीट ऐकलं नाही. ते पुढे महागात पडलं.

दिवस १४

चार दिवस रोज अर्धा तास फक्त लिहिलं. एकच ओळ, चाळीस वेळा: "कर्जरोखालिहूनदिल्हाऐसाजे". जागा न सोडता. मनगट दुखलं, पण एक गोष्ट झाली. लिहिता लिहिता 'दिल्हा'मधलं 'ल्हा' घाईत कसं गुंडाळलं जातं हे हाताला कळलं, आणि संध्याकाळी कागदाच्या चौथ्या ओळीत तेच गुंडाळलेलं रूप मला दिसलं. वाचलं म्हणणार नाही मी, ओळखलं. गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा तसं.

आता मी एक तक्ता करतेय. जिथे शब्द नक्की माहीत आहे, तिथून या कारकुनाचं प्रत्येक अक्षर ट्रेसिंग कागदावर उतरवायचं आणि वहीत चिकटवायचं. हे पुस्तकातलं मोडी नाही, हे त्याचं मोडी. आजअखेर तेवीस अक्षरं. 'झ' एकदाही आलेलं नाही. ते त्याने लिहिलंच नसेल.

दिवस १५

हा व्हिडिओ पूर्ण बघा, कारण मी यात वेडी ठरले आहे.

दुसऱ्या ओळीत दोन नावं आहेत. पहिलं 'राणू'. शेवटचं 'येसू'. मधे एक शब्द: 'बीन'. मी तीन वेळा वाचलं, तक्त्याशी ताडून पाहिलं. ब, दुसरी वेलांटी, न. बीन. मग मी माझ्या भावाला फोन करून सांगितलं की आपले पूर्वज गारुडी असावेत.

काकू इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. वेलांटी दुसरीच असते, हे तिसऱ्या दिवशी मीच तुम्हाला सांगितलं होतं. म्हणजे तो शब्द 'बिन'ही असू शकतो, आणि जुन्या कागदांत 'बिन' म्हणजे मुलगा. राणू बिन येसू, येसूचा मुलगा राणू. माहिती डोक्यात असणं वेगळं आणि कागदासमोर ती वेळेवर आठवणं वेगळं.

दिवस १८

तारीख. यावर मला जरा वेळ लागेल.

पहिल्या ओळीत 'शके' आहे आणि मग चार आकडे. त्यातला तिसरा आकडा नेमका घडीवर आलाय, तिथे कागद झिजून शाई उडालीय. दिसतं ते एवढंच: १७_५. पुढे संवत्सराचं नाव मात्र स्वच्छ आहे, 'श्रीमुख'.

संवत्सरं साठ असतात आणि क्रमाने फिरतात. श्रीमुख सातवं आहे. म्हणजे एखादं साल श्रीमुख असेल तर पुढचं श्रीमुख साठ वर्षांनीच येणार. काकूंनी हिशेब शिकवला: शकात बारा मिळवा, साठने भागा, उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १७६५, १७७५, १७८५ करून पाहिले, बाकी सात येत नाही. १७३५ला बारा मिळवून १७४७, भागून बाकी सात. १७९५ला १८०७, बाकी सात. दोनच उरले. मधला आकडा तीन किंवा नऊ. अकाउंटंटला एवढं तरी जमायला हवं.

आता तीन की नऊ? शके १७३५ म्हणजे पेशवाईचा काळ, दुसरे बाजीराव. शके १७९५ म्हणजे इंग्रजी अंमल. आणि वरच्या फाटलेल्या भागाच्या कडेला छापील शिक्क्याचा खालचा अर्धा भाग शिल्लक आहे, त्यात इंग्रजी अक्षरं आहेत. हा स्टँपाचा कागद. पेशव्यांच्या राज्यात असला कागद कुठून येणार? म्हणजे १७९५.

तर मी जाहीर केलं: इसवी सन १८७३. शकात ७८ मिळवले की इसवी सन. आणि हेही चुकलं. महिना 'माघ' आहे. शक गुढीपाडव्याला बदलतो, पण इंग्रजी वर्ष त्याआधीच, जानेवारीत बदललेलं असतं. माघ महिना जानेवारी-फेब्रुवारीत पडतो, तेव्हा ७९ मिळवायचे. १८७४ची सुरुवात. एका आकड्याने चूक, पण चूक ती चूकच.

दिवस २१

आज वाद होणार आहे. पाचवी ओळ: "रोख रुपये ७५". सातवी ओळ: "दरमाहे दरसदे रुपये १". सद म्हणजे शंभर, म्हणजे दरमहा शेकडा एक रुपया व्याज. आणि कागदाच्या मागे, वेगळ्या शाईत, एक पोच आहे: "व्याज माहे ६ रुपये ६ पावले".

मी कॅल्क्युलेटर काढला. पंचाहत्तर रुपयांवर शेकडा एकने महिन्याचे बारा आणे. सहा महिन्यांचे साडेचार रुपये. सावकाराने घेतले सहा. म्हणजे दीड रुपया जास्त! आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात की सावकाराने आपल्याला लुबाडलं, आणि इथे लेखी पुरावा. मी आजच्या व्हिडिओत हे ठासून सांगितलं. आत्याला व्हॉट्सअॅपवर पाठवलंही. आत्याने तो सगळ्या भावकीत फिरवला.

दिवस २२

माफी मागायची आहे. त्या सावकाराची.

काकूंनी व्हिडिओ पाहिला आणि सकाळी सातला दार वाजवलं. या वेळी त्यांनी भिंग घेऊन कागद बघितला आणि विचारलं, "आकड्याच्या पुढे या उभ्या रेघा दिसल्या का तुला?"

दिसल्या होत्या. मला वाटलं वाक्य संपल्याच्या खुणा आहेत.

"वाक्य संपल्याची खूण यात दुसरीकडे कुठे आहे का?"

नव्हती. मोडीत विरामचिन्ह नसतं, हे नवव्या दिवशी मीच रडत रडत सांगितलं होतं.

हे बघा, मी मोठं लिहून दाखवते. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। सव्वा. १॥ दीड. १॥। पावणेदोन. रुपयाच्या बाबतीत एक रेघ म्हणजे चार आणे. कागदावर "रुपये १" नव्हतं, "रुपये १॥" होतं. व्याज दरमहा शेकडा दीड. आणि पोच "६" ची नव्हती, "६॥।" ची होती. पावणेसात.

आता करा हिशेब. पंचाहत्तरांवर शेकडा दीडने महिन्याला एक रुपया दोन आणे. सहा महिन्यांचे सहा रुपये बारा आणे. बारा आणे म्हणजे पाऊण. ६॥।. एका पैशाचाही फरक नाही.

वाईट वाटतं ते याचं की हिशेब जुळत नाही हे मला दिसलं होतं. रोजच्या कामात बेरीज जुळली नाही तर मी आधी माझी नोंद तपासते. इथे मी सरळ दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला चोर ठरवलं, कारण घरातली गोष्ट तशी होती. "डोळा नसलेलंही वाचतो," ते हेच. भावकीत माफीचा व्हिडिओ पाठवला. तो मात्र कोणी पुढे पाठवला नाही.

दिवस २३

त्याच रेघांचा दुसरा उपद्व्याप. तारखेत "शु॥ ५" आहे. कालचं शिकून मी हुशारीने 'शु' आणि अर्धा असं वाचायला गेले. नाही. अक्षरापुढे या दोन रेघा आल्या तर त्याचा अर्थ शब्द तोडून लिहिलाय. शुद्धचा शु॥. मुक्कामचा मु॥. आकड्यापुढे अर्धा, अक्षरापुढे टिंब दिल्यासारखं. एकच खूण, जागा पाहून अर्थ.

दिवस २४, २५, २६

ऑडिट. काही केलं नाही. वही बॅगेत होती, बॅगेतच राहिली. तिसऱ्या दिवशी उघडली तर पाच अक्षरं पुसल्यासारखी वाटली, पण चाळीस वेळा लिहिलेली ओळ हाताने आपोआप काढली. पत्त्यांवरची अक्षरं गेली, हातातली राहिली.

दिवस २७

आठवतंय का, पहिल्या दिवशी खालचं ते चित्रविचित्र अक्षर दाखवलं होतं? त्याच्यावर मी एकूण चार संध्याकाळी घालवल्या आहेत. आधी मला ते 'ज्ञ' वाटलं. मग एखादं जोडाक्षर. तक्त्यातल्या प्रत्येक अक्षराशी ताडून पाहिलं. ट्रेसिंग कागदावर उतरवून उलटं धरलं. एकदा तर वाटलं की कारकुनाची लपेटदार सही असेल.

आज त्याच्या शेजारचा शब्द लागला. "निशाणी". आणि त्याच्यापुढे, बारीक, "नांगर".

ते अक्षर नाहीच. ते चित्र आहे. लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगर काढायचा किंवा लिहिणारा त्याच्यासाठी काढायचा. ही राणू बिन येसूची सही. एक आडवी रेघ, एक तिरकी, खाली फाळाचं टोक. एकदा कळल्यावर आता मला तिथे नांगराशिवाय दुसरं काही दिसत नाही. आणि चार संध्याकाळ मी त्याला 'ज्ञ' म्हणत होते.

म्हणजे ज्याच्या नावाचा हा कागद, त्यालाही तो वाचता येत नव्हता. दीड की एक, हे त्याने कानाने ऐकून मान्य केलं असणार.

दिवस २८

फाटलेल्या भागाविषयी बऱ्याच जणांनी विचारलंय. कागद उंदराने खाल्लेला नाही, वाळवी नाही. वरून खाली, मुद्दाम ओढून फाडल्यासारखा चीर गेलाय आणि निम्म्यावर थांबलाय.

काकू म्हणाल्या, फेडलेला रोखा रद्द म्हणून असा फाडून ऋणकोला परत देत. म्हणजे राणूने कर्ज फेडलं, आणि म्हणून हा कागद सावकाराच्या घरी न राहता आमच्या ट्रंकेत आला. हे सरळ वाटतं.

पण तारीख बघा. माघ, १८७४. आणि मे १८७५मध्ये आमच्या गावाहून फार लांब नसलेल्या सुप्यात शेतकरी बाजाराच्या दिवशी सावकारांवर चालून गेले, आणि तिथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्या दंग्यांत लोकांचा रोख माणसांपेक्षा रोख्यांवर होता. कर्जाचे कागद मागायचे, मिळाले की जाळायचे नाहीतर फाडायचे. मग हा कागद फेडून फाडला, की हिसकावून फाडला? मागे पोच एकच आहे, सहा महिन्यांच्या व्याजाची. मुद्दल पोचल्याची नोंद नाही.

मी काकूंना विचारलं, यातलं कोणतं खरं मानू. त्या म्हणाल्या, "मानायचं काय त्यात? कागदावर आहे ते वाच. सहा महिन्यांचं व्याज आलं, पुढे फाटलं. एवढंच म्हण." बाविसाव्या दिवसाचा व्हिडिओ दोघींच्याही डोळ्यासमोर होता, म्हणून मी गप्प बसले.

आत्याचं मत ठरलेलं आहे. तिच्या मते राणूने हिसकावला. नांगराचं चित्र पाहिल्यापासून ती फार खुश आहे.

दिवस ३०

आज सगळं एका बैठकीत वाचलं, वेळ लावून. सतरा ओळी, बावन्न मिनिटं. काकू हाच कागद चार मिनिटांत वाचतात, तेही चहा पीत. सात शब्द मला लागले नाहीत. काकूंनी त्यातले पाच सांगितले. दोन शब्द घडीवर आहेत, ते त्यांनाही सांगता येईनात.

मग त्यांनी त्यांच्याकडचा दुसरा एक कागद पुढे केला. वेगळं गाव, वेगळा कारकून. पहिल्या ओळीत मला फक्त 'शके' दिसलं. तीस दिवसांत मी मोडी शिकले असं म्हणण्याऐवजी एका माणसाचं अक्षर वाचायला शिकले असं म्हणणं खरं होईल, आणि त्या माणसाचं नावही कागदावर नाही. साक्षीदारांची तीन नावं आहेत, लिहिणाऱ्याचं असतं ती शेवटची ओळ खालच्या झिजलेल्या कोपऱ्यात अर्धी गेलीय. "दस्तुर" एवढं वाचता येतं. पुढे कागद नाही.

नव्या कागदासाठी नवा तक्ता सुरू केलाय. आज 'श' आणि 'क' चिकटवले. आणि बोरू पुन्हा तासून घेतलाय, या वेळी टोक फुटलं नाही.